गाडीचा खरा हिशेब : हप्त्याने की रोखीने?

दसरा-दिवाळीच्या सुमारास अंधेरीपासून मुलुंडपर्यंतच्या कुठल्याही शोरूममध्ये एक युक्तिवाद हमखास कानावर पडतो. ‘साहेब, आठ लाख रोख कशाला भरता? ते मुदत ठेवीत राहू द्या. कर्जावर दोन लाख व्याज जाईल, पण ठेवीवर तीन लाख मिळतील. म्हणजे एक लाखाचा फायदाच!’ यातले दोन्ही आकडे खरे असतात, पण त्यातून काढलेला निष्कर्ष चुकीचा असतो. रोखीचा व्यवहार आणि कर्जाचा व्यवहार यांची तुलना नेमकी इथेच फसते, म्हणून हे गणित सावकाश सोडवून पाहू.

मुलुंडमध्ये राहणारे आणि जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडने अंधेरीला कामाला जाणारे एक कुटुंब कल्पू. त्यांना १२०० सीसीची पेट्रोल गाडी घ्यायची आहे. एक्स-शोरूम किंमत ८ लाख ६० हजार, त्यावर महाराष्ट्राचा ११ टक्के रोड टॅक्स, शिवाय विमा आणि नोंदणी. सगळे मिळून गाडी रस्त्यावर येते १० लाखांना. दोन लाख हातचे आहेत. उरलेले आठ लाख बँकेत ठेव म्हणून आहेत. ती ठेव मोडायची, की पाच वर्षांचे कर्ज काढायचे?

नऊ टक्के व्याजाने आठ लाखांचा मासिक हप्ता साधारण १६,६०७ रुपये येतो. साठ हप्त्यांत ९ लाख ९६ हजार भरले जातात, म्हणजे व्याज १ लाख ९६ हजार. तिकडे साडेसहा टक्क्यांची ठेव पाच वर्षांत ११ लाख ४ हजार होते, म्हणजे ३ लाख ४ हजार व्याज. विक्रेत्याचा फायदा हाच.

पण कर्ज घेणारा दरमहा १६,६०७ रुपये पगारातून काढून देत असतो. रोख भरणाऱ्याकडे ती रक्कम शिल्लक राहते आणि विक्रेत्याच्या गणितात ती कुठेच दिसत नाही. तीच रक्कम त्याने त्याच साडेसहा टक्क्यांच्या रिकरिंगमध्ये टाकली, तर पाच वर्षांनी तिचे सुमारे ११ लाख ७३ हजार होतात. गाडी दोघांकडेही आहे, पगारातून दोघांच्याही खिशातून दरमहा तेवढीच रक्कम गेली आहे. तरी रोख भरणारा जवळपास ७० हजारांनी पुढे आहे. ठेवीचे व्याज करपात्र असते. वीस टक्के कर धरला तर हे अंतर एक लाखाच्या जवळ जाते, कारण कर्जाच्या व्याजावर नोकरदाराला घरगुती गाडीसाठी कोणतीही सवलत मिळत नाही.

व्याज आठ लाखांवर पाच वर्षे चालत नाही. हप्त्यागणिक मुद्दल घटत जाते, म्हणून नऊ टक्क्यांचे एकूण व्याज छोटे दिसते. नेमकी हीच बाब उलटी वापरून ‘फक्त पाच टक्के फ्लॅट’ असा दर सांगितला जातो. फ्लॅट दरात व्याज पूर्ण मुद्दलावर पाचही वर्षे धरतात : आठ लाखांवर वर्षाला ४० हजार, पाच वर्षांत दोन लाख. हप्ता होतो १६,६६७. म्हणजे पाच टक्के फ्लॅट हा घटत्या शिलकीवरच्या नऊ टक्क्यांहून किंचित महागच आहे. म्हणून दर विचारताना ‘घटत्या शिलकीवर किती?’ असेच विचारावे आणि एकूण भरायची रक्कम लिहून घ्यावी.

आता रोजच्या बिलांकडे वळू. ही बिले कर्ज असो वा रोख, जवळपास सारखीच येतात. वर्षाला १२ हजार किलोमीटर धरू. कंपनी लिटरला वीस किलोमीटर म्हणत असली तरी पवईच्या कोंडीत पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रेंगाळणारी गाडी बारा देते. खरा आकडा हवा असेल तर टाकी काठोकाठ भरावी, किलोमीटर टिपून ठेवावेत, पुढच्या वेळी पुन्हा काठोकाठ भरून लिटरने भागावे. तीन-चार बिलांची सरासरी विश्वासार्ह ठरते. बाराच्या हिशेबाने वर्षाला १००० लिटर पेट्रोल लागते. मुंबईचा भाव १०४ रुपये धरला तर पाच वर्षांत ५ लाख २० हजार. टोलचा रकाना मात्र ऑक्टोबर २०२४ पासून हलका झाला आहे. मुलुंड आणि दहिसर नाक्यांवर छोट्या गाड्यांना टोल लागत नाही.

विम्याचे बिल वाचताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी. नव्या गाडीला तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा सुरुवातीलाच घ्यावा लागतो, तो १० लाखांत आलेला आहे. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी फक्त स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा हप्ता भरायचा. चौथ्या वर्षी थर्ड पार्टीचे ३,४१६ रुपये आणि त्यावरचा जीएसटी पुन्हा सुरू होतो, म्हणून तेव्हा बिल अचानक वाढते. दावा केला नाही तर नो क्लेम बोनस २० टक्क्यांपासून चढत ५० टक्क्यांपर्यंत जातो. बंपरच्या छोट्या ओरखड्यासाठी तो घालवण्याआधी दुरुस्तीचे अंदाजपत्रक पाहावे. चार वर्षांच्या नूतनीकरणाला ५५ हजार धरू.

सर्व्हिसिंगची सुरुवातीची बिले फसवी असतात. पहिल्या काही सर्व्हिसेसची मजुरी मोफत असते, पण ऑइल आणि फिल्टरचे पैसे लागतात. खरा खर्च तिसऱ्या वर्षानंतर येतो : ब्रेक पॅड, बॅटरी आणि पन्नास हजार किलोमीटरच्या आसपास चार टायर. गर्दीत सतत अर्धा क्लच दाबून चालवणाऱ्याचा क्लचही लवकर झिजतो. सगळे मिळून ८० हजार धरू.

पाच वर्षांनी गाडी साडेचार लाखांना विकली, तर रोखीच्या व्यवहारात निव्वळ खर्च सुमारे १२ लाख ५ हजार होतो. साठ हजार किलोमीटरने भागले तर किलोमीटरला २० रुपये. कर्जाचे व्याज मिळवले की तोच आकडा २३ रुपयांच्या वर जातो. या २० रुपयांत पेट्रोलचा वाटा पावणेनऊ रुपयांच्या आत, तर गाडीची किंमत घसरण्याचा वाटा नऊ रुपयांच्या वर आहे. या घसरणीची पावती कुणी देत नाही, म्हणून घरगुती हिशेबातून ती हमखास सुटते.

कर्जाच्या गाडीला आणखी एक पदर असतो. नोंदणी पुस्तिकेवर बँकेचा बोजा असतो, आणि गाडी चोरीला गेली तर विम्याचे पैसे आधी बँकेकडे जातात. दोन वर्षांनंतर आपल्या उदाहरणात ५ लाख २२ हजार बाकी आहेत. पॉलिसीवर गाडीची किंमत सहा लाख लिहिली असेल, तर कुटुंबाच्या हाती ७८ हजार येतील. कर्ज फिटल्यावर बँकेचा ना-हरकत दाखला आणि फॉर्म ३५ देऊन बोजा उतरवावा लागतो. अंधेरीची एमएच-०२ गाडी असो, बोरिवलीची एमएच-४७, किंवा मुलुंड-घाटकोपरची एमएच-०३, हे काम राहून गेले तर गाडी विकताना व्यवहार अडतो.

मग प्रत्येकाने रोखच भरावे का? रोखीच्या फायद्याला दोन अटी आहेत. पहिली, वाचलेला हप्ता खरोखर दरमहा बाजूला पडला पाहिजे. तो घरखर्चात विरला तर पाच वर्षांनी रोख भरणाऱ्याकडे गाडी असते, पण ठेव नसते, आणि कर्ज घेणारा त्याच्यापुढे निघून जातो. दुसरी, ठेव मोडल्यावरही निदान सहा महिन्यांचा घरखर्च हाताशी राहिला पाहिजे. आजारपणात वर्षाला चौदा टक्के व्याजाचे वैयक्तिक कर्ज काढावे लागले, तर वाचवलेले सत्तर हजार त्या व्याजात जायला वेळ लागत नाही.

या दोन अटी पाळता येत असतील तर रोख भरावे आणि त्याच दिवशी हप्त्याएवढे रिकरिंग सुरू करावे. पाळता येत नसतील तर शक्य तेवढी अधिक रक्कम आधी भरून तीन वर्षांचे कर्ज घ्यावे, आणि मुदतीआधी फेडण्याचा दंड किती ते सही करण्यापूर्वी वाचावे. दोन्हींपैकी काहीही ठरले तरी सर्वांत मोठी बचत गाडीच्या निवडीतच आहे. दोन लाखांनी स्वस्त गाडी घेतली तर रोड टॅक्स, विमा, घसरण आणि व्याज हे चारही आकडे एकदम खाली येतात.