तिसरीची चाचणी कागदावरच का? पालकांना एक पत्र



मागच्या पालकसभेत तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी विचारले, की घटक चाचण्या ऑनलाइन का घेत नाही? फॉर्मची लिंक पाठवली की मूल घरी बसून सोडवेल, गुण लगेच कळतील, छपाईचा खर्च आणि बाईंचे तपासणीचे श्रमही वाचतील. सूचना व्यवहाराला धरून आहे. तरीही पहिली ते चौथीसाठी मी कागदाचाच आग्रह धरते आहे. कारण सभेत पाच मिनिटांत सांगण्यासारखे नव्हते, म्हणून हे पत्र.

तिसरीच्या गणितातले एकच उदाहरण घेऊ. ५२ मधून २७ वजा करा. उत्तर २५. समजा, तीन मुलांचे हे उदाहरण चुकले आहे.

पहिल्या मुलाने ३५ लिहिले. त्याच्या कागदावर इतर उदाहरणे पाहिली: ७१ − ४८ चे उत्तर ३७, ६३ − २९ चे ४६, आणि ८६ − ३४ चे ५२. यातले शेवटचे बरोबर आहे, बाकीची दोन चूक. हे मूल धांदरट नाही, ते एक नियम अगदी इमानाने पाळते आहे. प्रत्येक घरात मोठ्या अंकातून लहान अंक वजा करायचा, मग मोठा अंक वर असो की खाली. दोनातून सात जात नाहीत, म्हणून त्याने सातातून दोन काढले. ही चूक जगभरातल्या मुलांकडून होते. जॉन सीली ब्राउन आणि रिचर्ड बर्टन या अमेरिकन संशोधकांनी १९७८ साली मुलांच्या वजाबाकीतल्या अशा ‘नियमबद्ध’ चुकांचा पद्धतशीर अभ्यास मांडला, आणि त्यांच्या यादीतही ही चूक आहे.

दुसऱ्या मुलीचेही उत्तर ३५. पण तिच्या कागदावर दोनाच्या डोक्यावर बारीक अक्षरांत १२ लिहिलेले दिसते. म्हणजे तिने दशक सुटा केला, बारातून सात काढून पाच बरोबर लिहिले. नंतर दशकाच्या घरात पाचाचे चार करायला मात्र ती विसरली. तिचेच ७१ − ४८ पाहिले तर उत्तर ३३ येते, पहिल्या मुलासारखे ३७ नाही. दोघांना ५२ − २७ मध्ये ३५ मिळाले, हा केवळ अंकांचा योगायोग.

तिसऱ्याने बाजूच्या कच्च्या कामात २५ असेच काढले आहे, पण उत्तराच्या चौकटीत ५२ लिहिले. मराठीत आपण ‘पंचवीस’ म्हणताना पाच आधी उच्चारतो आणि लिहिताना दोन आधी लिहितो. या उलटापालटीत लहान मुले हमखास अडकतात. २०१९ साली बालभारतीने दुसरीच्या गणितात ‘वीस पाच’ अशा धाटणीचे वाचन आणले तेव्हा केवढा गदारोळ झाला होता, ते तुम्हाला आठवत असेल. त्या बदलाच्या बाजूने वा विरुद्ध मी इथे बोलत नाही, पण ज्या अडचणीपोटी तो केला ती अडचण खरी आहे. पहिली-दुसरीच्या बाई ती रोज पाहतात.

आता हीच चाचणी चार पर्यायांच्या ऑनलाइन फॉर्ममध्ये घेतली असती तर? पहिल्या दोघांच्या नावापुढे ‘३५, चूक’ अशी एकसारखी नोंद आली असती. तिसऱ्याची ‘५२, चूक’. तीन शून्ये. प्रश्न काढणाऱ्याने कितीही विचारपूर्वक ३५ हा पर्याय ठेवला असता, तरी त्याला कसे कळणार, की एकाला दशक सुटा करणेच ठाऊक नाही आणि दुसरीला ते ठाऊक आहे? आणि उपाय तर तिघांचे अगदी वेगळे आहेत. पहिल्याला पुन्हा काड्यांच्या गठ्ठ्यांकडे न्यावे लागेल. दहा काड्यांचा एक गठ्ठा सोडून सुट्या काड्यांत मिसळायचा, हे हाताने करून पाहिल्याशिवाय त्याला कळणार नाही. दुसरीला गठ्ठे नकोत, वरच्या पाचावर काट मारून चार लिहायची सवय हवी. आठवडाभराच्या सरावात तिची गाडी रुळावर येते. तिसऱ्याला वजाबाकी शिकवत बसणे म्हणजे वेळेची नासाडी, त्याला संख्यालेखनाचा सराव द्यायचा. तिघांना सरसकट ‘वजाबाकीचा सराव करा’ असे सांगितले, तर पहिला मुलगा तीच चूक आणखी पन्नास वेळा घोटेल.

याच्या उलट बाजूही आहे. चार पर्यायांच्या दहा प्रश्नांत डोळे मिटून बोट ठेवले तरी सरासरी दोन-तीन उत्तरे बरोबर येतात. ते गुण पाहून तुम्हाला आणि आम्हाला वाटते, की याला थोडेफार जमते आहे. कागदावर पर्याय नसतील तर २५ हे उत्तर अंदाजाने येणे जवळपास अशक्य.

एक गोष्ट स्पष्ट करते. माझा विरोध यंत्राला नाही, कागदात काही जादूही नाही. कागदावर चार पर्याय छापून गोल रंगवायला सांगितले, तर तोही पेपर तितकाच मुका. शिष्यवृत्ती परीक्षेत तसेच असते, आणि तिथे ते चालते, कारण ती निवड करणारी परीक्षा आहे. आपल्या घटक चाचणीचे काम निवडण्याचे नाही, पुढच्या सोमवारी वर्गात काय शिकवायचे ते ठरवण्याचे आहे. त्यासाठी मुलाच्या हातून उमटलेले कच्चे काम दिसावे लागते.

मराठीची गोष्ट तर आणखी वेगळी. श्रुतलेखन घ्यायचे म्हटले, बाईंनी ‘दूध’ म्हटले, आणि मुलाने फोनवर ते लिहायचे. आपल्यापैकी बहुतेकांच्या फोनवर मराठी टाइप करायचे म्हणजे इंग्रजी अक्षरे दाबायची आणि वर येणाऱ्या मराठी शब्दांतला एक निवडायचा. ‘दूध’ तिथे तयारच असते, शुद्धलेखनासह. कागदावर हेच मूल ‘दुध’ लिहिते, ‘पाणी’चे ‘पाणि’ करते, आणि त्यावरून आम्हाला कळते की ऱ्हस्व-दीर्घ अजून पक्के नाही. फोनवर ते कळतच नाही. उलट ज्या मुलाला इंग्रजी अक्षरे नीट येत नाहीत, पण मराठी छान लिहिता येते, ते मूल मागे पडते. म्हणजे परीक्षा मराठीची आणि गुण इंग्रजी कळफलकाचे. आणि माइकचे बटण दाबले की ‘दूध’ आपोआप उमटते, ही युक्ती तिसरीतल्या मुलांना आपल्याआधी सापडते!

तपासणीचीही एक गंमत आहे. आपली मुले देवनागरी अंक लिहितात. फॉर्मच्या उत्तरसूचीत पंचवीस फक्त इंग्रजी अंकांत भरले असतील आणि मुलाने २५ असे देवनागरीत लिहिले, तर संगणकाच्या दृष्टीने ती दोन निराळी चिन्हे आहेत. उत्तर चूक ठरते. उत्तरसूचीत दोन्ही प्रकार भरून हे टाळता येते, पण ते लक्षात ठेवून कुणीतरी भरावे लागते.

पडद्यावरच्या आणि कागदावरच्या परीक्षेत गुणांचाही फरक पडतो का? याचा एक चांगला पुरावा अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात मिळाला. तिथे २०१५ आणि २०१६ मध्ये तिसरी ते आठवीची एकच परीक्षा काही शाळांनी ऑनलाइन घेतली, काहींनी कागदावर. बेन बॅकस आणि जेम्स कोवन यांनी निकाल तपासले, तेव्हा ऑनलाइन देणारी मुले मागे दिसली, भाषेत गणितापेक्षा अधिक. दुसऱ्या वर्षी मात्र हा फरक बराच कमी झाला. म्हणजे त्यातला मोठा भाग माध्यमाच्या अपरिचयाचा असावा. प्रामाणिकपणे सांगायचे तर हा पुरावा ‘पडदा वाईट’ असे सिद्ध करत नाही. पण मुलाला विषय येत नाही की उपकरण येत नाही, हे पहिल्या फेरीत गुणांवरून ओळखता येत नाही, एवढे त्यावरून नक्की कळते. आपल्याकडे तर ज्या घरात एकच फोन आहे आणि तो वडिलांबरोबर रात्री आठला घरी येतो, त्या घरातल्या मुलासाठी दर वेळी पहिलीच फेरी असणार. घरच्या चाचणीत शेजारी ताई, आजोबा कोण बसले आहेत, याबद्दल मी बोलत नाही. आपण सगळे जाणतोच!

काही पालकांना वाटते, की सरकारी नियमांनीच लेखी परीक्षा सक्तीच्या केल्या आहेत. पूर्णपणे तसे नाही. २०१० पासून आपल्या राज्यात सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आहे. तिसरी-चौथीत ६० टक्के भार आकारिक मूल्यमापनाला आहे, म्हणजे वर्षभराचे निरीक्षण, तोंडी काम, प्रात्यक्षिक, उपक्रम, स्वाध्याय, छोट्या चाचण्या यांना, आणि सत्रअखेरच्या संकलित मूल्यमापनाला ४०. पहिली-दुसरीत हेच प्रमाण ७० आणि ३० आहे. त्यामुळे पहिलीच्या मुलांसमोर आम्ही कागदसुद्धा बेताने ठेवतो. त्यांचे बरेचसे मूल्यमापन बाई शेजारी बसवून, बोलून, मणी मोजायला देऊनच करतात. कागदी चाचणी हा या सगळ्यातला एक तुकडा आहे.

कागदाचे तोटेही आहेत. चाळीस मुलांचे कच्चे काम वाचायला बाईंना दोन-तीन संध्याकाळी लागतात, म्हणून गुण त्याच दिवशी कळणार नाहीत, आठवड्याने कळतील. ज्या मुलांना लिहिणेच फार जड जाते, अक्षरे उलटसुलट होतात, हात दुखतो, त्यांच्यासाठी कागद हा अडथळाच आहे. त्यांची चाचणी आम्ही तोंडी घेऊ, लेखनिक देऊ किंवा संगणक वापरू देऊ. असे वाटत असेल तर वर्गशिक्षिकेला आधी भेटा, चाचणीच्या दिवशी नको. पाढ्यांचा सराव, ऐकलेल्या गोष्टीवर चार प्रश्न, अशा गोष्टींसाठी फोन खुशाल वापरा. तिथे चटकन मिळणारे उत्तर मुलाच्या उपयोगाचे असते.

आता पुढच्या चाचणीबद्दल. प्रश्नपत्रिकेवरच उत्तर लिहायचे आहे आणि प्रत्येक उदाहरणाच्या उजवीकडे कच्च्या कामासाठी रिकामी चौकट आहे. ती रिकामी सोडू नये, असे घरीही सांगा. पेन्सिल द्या, पण खोडरबर देऊ नका. चुकले तर एक आडवी रेघ मारून शेजारी पुन्हा लिहायचे. खोडलेले आम्हाला वाचता येत नाही, रेघ मारलेले येते. स्वच्छतेचे गुण यात कापले जाणार नाहीत.

तपासलेला पेपर घरी येईल तेव्हा वरच्या कोपऱ्यातली बेरीज पाहण्याआधी चुकलेली दोन-तीन उदाहरणे शेजारी शेजारी ठेवून पाहा आणि मुलाला एवढेच विचारा, ‘हे तू कसं काढलंस?’ ‘असं का केलंस?’ हा प्रश्न टाळा, त्यावर मूल गप्प होते. त्याने जे सांगितले ते पेपरच्या मागे त्याच्याच शब्दांत लिहा, सही करा आणि पेपर तीन दिवसांत परत पाठवा. घरी फाइलला लावून ठेवू नका. पुढच्या आठवड्यातले गट त्यावरूनच पाडायचे आहेत.

आपली,
मुख्याध्यापिका