बारशाच्या फोटोंखालच्या दोन ओळी

पूर्वी बाराव्या दिवशी होणारं बारसं आता सोयीने सव्वा महिन्यानंतरही होतं. फोटो मात्र त्याच रात्री नातेवाइकांच्या ग्रुपवर येतात, आणि दमलेल्या आईला त्यांखाली काहीतरी लिहायचं असतं.

‘खूप खूप आभार’ कुणाच्याच वाट्याला येत नाहीत. त्यापेक्षा हे बघा:

“आत्याने कानात कुर्रर्र केलं आणि आमच्या चिऊला नाव मिळालं! आजीने शिवलेली दुपटी, मावशीने सजवलेला पाळणा, काकूच्या घुगऱ्या... तुम्ही सगळे होतात म्हणून मी निवांत होते.”

इथे प्रत्येकीला तिचं काम परत दिसतं. एकच धोका, कुणी राहून गेलं तर रुसवा ठरलेला! म्हणून पाठवण्याआधी मजकूर सासूबाईंना दाखवावा.