खो-खोच्या तासाला मुलं खरंच किती पळतात?

नेरमधल्या शिक्षकांनो, १९९१ची 'सोफिट' पद्धत वापरून बघाच. चिठ्ठ्या टाकून चार मुलं निवडा आणि प्रत्येकाकडे पाळीपाळीने चार मिनिटं लक्ष ठेवा. दहा सेकंद बघायचं, पुढच्या दहा सेकंदांत लिहायचं: बसलंय, उभं आहे, चालतंय की पळतंय. चालण्या-पळण्याच्या नोंदी निम्म्या तरी हव्यात.

खो-खोत इथेच गाडी अडते. मैदानात बारा जण, पण आठ बसलेले, धावतात चौघंच. म्हणून बसणारे चारच ठेवा: आठांत चौघं धावतील. उरलेल्यांसाठी शेजारी दुसरं मैदान आखा, बाद झालेल्याला लगेच लंगडीत घ्या. मग पुन्हा मोजा. बसल्या बसल्या मूल डाव ओळखायला शिकतं, ते मात्र या नोंदीत येत नाही.