वर्षाचा करार, महिन्याचा हप्ता

लग्नाच्या पत्रिका, बारशाचे व्हिडिओ, दुकानांच्या जाहिराती अशी कामं घरबसल्या करणाऱ्या मैत्रिणी आता गावोगावी आहेत. त्यांच्या हिशेबाच्या वह्या माझ्याकडे येतात, आणि गेल्या काही वर्षांत त्या वह्यांमध्ये एक नवा खर्च दिसू लागला आहे, तो म्हणजे सॉफ्टवेअरचं दरमहाचं भाडं. पूर्वी एकदाच पैसे मोजून सीडी आणायची आणि संगणक मोडेपर्यंत वापरायची. अडोबी या अमेरिकन कंपनीने २०१३ साली आपली फोटोशॉपसारखी सॉफ्टवेअरं भाड्याच्या पद्धतीकडे वळवली, आणि आज अनेक कंपन्या तेच करतात.

भाड्याला माझी हरकत नाही. हंगामापुरतं घ्यावं, काम संपलं की सोडावं, यात वाईट काय? घोळ होतो तो त्यातल्या एका प्रकारात. विकत घेताना पडद्यावर साधारण तीन पर्याय असतात. `Monthly` म्हणजे खरोखर महिन्याचं, कधीही बंद करा. `Annual, prepaid` म्हणजे वर्षाचे पैसे एकदम. आणि मधला `Annual, billed monthly`. यात करार वर्षाचा, फक्त पैसे महिन्याच्या हप्त्याने. दर महिन्याला तेवढेच पैसे जातात, म्हणून आपल्याला वाटतं की हे महिन्याचंच आहे. दूधवाल्याला जसं "उद्यापासून नको" म्हणतो, तसं इथे म्हणता येत नाही. मध्येच सोडलं तर दंड बसतो.

हा दंड किती? अडोबीचा नियम असा, की पहिल्या १४ दिवसांत रद्द केलं तर सगळे पैसे परत. त्यानंतर रद्द केलं तर वर्षाचे जेवढे हप्ते उरले असतील, त्यांच्या बेरजेच्या निम्मी रक्कम द्यायची. इतर कंपन्यांचे नियम वेगळे असतात, म्हणून आपल्या कंपनीचा नियम वाचूनच घ्यावा.

आमच्या गल्लीतल्या स्टुडिओवाल्या वहिनींचं उदाहरण सांगते. कंपनीचं नाव राहू दे. नियम मात्र असाच निम्म्याचा होता. वहिनींनी लग्नसराई तोंडावर असताना १० नोव्हेंबरला व्हिडिओ जोडायचं सॉफ्टवेअर घेतलं. हप्ता २००० रुपये. सुट्या महिन्याचा दर ३००० होता, म्हणून साहजिकच त्यांनी स्वस्तातलं निवडलं. मार्चमध्ये लेकीच्या बाळंतपणासाठी चार महिने पुण्याला जायचं ठरलं, आणि त्या आधी हे बंद करावं म्हणून त्यांनी खातं उघडलं. तिथे आकडा आला ८००० रुपये! "अगं, मी वापरणार नाही म्हणतेय, आणि हे मलाच पैसे मागतायत," म्हणत त्या बँकेचा उतारा घेऊन माझ्याकडे आल्या.

आम्ही कागद घेऊन बसलो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी चार हप्ते गेले होते, आठ उरले. आठ गुणिले दोन हजार म्हणजे सोळा हजार, त्याचे निम्मे आठ हजार. म्हणजे आकडा बरोबर होता. आता प्रश्न असा, की भरायचे की चालू ठेवायचं?

वहिनींचा पहिला विचार होता, "थोडं थांबून बघते, दंड कमी होत जाईल." दंड कमी होतो हे खरं. पण प्रत्येक महिन्याला तो १००० ने उतरतो आणि हप्ता २००० चा जातो. म्हणजे न वापरता थांबलं, तर दरमहा हजार रुपये निव्वळ पाण्यात. सोडायचंच असेल तर पुढचा हप्ता जायच्या आधी सोडावं.

पण परत आल्यावर लागणार असेल तर? जुलै ते ऑक्टोबर हे चार महिने त्यांना काम असतं, तर आता ८००० भरून पुढे सुट्या दराने चार महिन्यांचे १२००० मोजायचे, म्हणजे २०००० झाले. त्यापेक्षा उरलेले हप्ते १६००० भरत राहणं स्वस्त. वहिनींच्या बाबतीत मात्र ते महिने चातुर्मासाचे. मुहूर्तच नाहीत तर पत्रिका कुठल्या? म्हणून त्यांनी ८००० भरून मोकळं व्हायचं ठरवलं.

मग मी उलटा हिशेबही करून बघितला. चार महिने वापरून त्यांचे एकूण गेले सोळा हजार. सुट्या महिन्याने घेतलं असतं तर बारा हजारच गेले असते. स्वस्त दर कुठे महाग पडतो याची सीमा या दरांत सहा महिन्यांची आहे: सहा महिने वापरून सोडलं तर दोन्ही वाटांनी १८००० होतात. त्याहून कमी वापरायचं असेल तर ३००० वालं बरं, जास्त असेल तर २००० वालं. लग्नसराईपुरतं हवं असेल, तर हा हिशेब घेण्याआधीच मांडावा.

रद्द करतानाही एक गोष्ट लक्षात ठेवा. संगणकावरून सॉफ्टवेअर काढून टाकलं की भाडं थांबत नाही. खात्यात शिरून `Manage plan` आणि मग `Cancel your plan` अशा वाटेने जावं लागतं. मध्ये कारण विचारतात, दोन महिने फुकट वगैरे आमिष दाखवतात. शेवटी रद्द झाल्याचा ईमेल येईपर्यंत काम झालं असं समजू नये. तो ईमेल जपून ठेवा.

कुणी सांगतं, बँकेला सांगून वसुलीच बंद करून टाक. रिझर्व्ह बँकेच्या २०२१ पासूनच्या नियमाने कार्डावरून आपोआप पैसे जाण्याआधी निदान २४ तास बँकेचा संदेश येतो, आणि ती परवानगी काढून घेता येते. सोय चांगली आहे. पण त्याने बँकेचा नळ बंद होतो, कंपनीशी केलेला वर्षाचा करार तसाच उभा राहतो. माझ्या मते हा संदेश वेगळ्या कामाचा: पुढची तारीख कळते, आणि त्याआधी निर्णय घेता येतो. वर्ष संपताना तर तो नीट वाचाच, कारण न सांगता पुढचं वर्ष आपोआप सुरू होतं.

तक्रारीला जागा कुठे आहे? अमेरिकेत २०२४ च्या जून महिन्यात तिथल्या सरकारने अडोबीवरच खटला दाखल केला. आरोप असा, की वर्षाच्या कराराचा पर्याय आधीच निवडून ठेवलेला असायचा, दंडाची माहिती बारीक अक्षरांत आणि दुव्यांच्या आड दडवलेली होती, आणि रद्द करायची वाट मुद्दाम अवघड केली होती. आपल्याकडेही केंद्र सरकारने ३० नोव्हेंबर २०२३ ला ग्राहकांना फसवणाऱ्या रचनांविरुद्ध नियम काढले. त्यात रद्द करणं अशक्य किंवा फार किचकट करून ठेवणं हा प्रकार नावानिशी आहे. त्यामुळे दंडाचा आकडा घेताना दिसलाच नव्हता, असं खरोखर झालं असेल, तर कंपनीच्या मदत विभागाशी लेखी बोला आणि दंड माफ करायला सांगा. ऐकलं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. घेताना पडदा कसा दिसत होता त्याचं छायाचित्र हाताशी असेल, तर बोलणं सोपं जातं.

वहिनींनी ९ मार्चला, दहाव्या तारखेचा हप्ता जायच्या आदल्या दिवशी, रद्द केलं. या नोव्हेंबरला त्या सुट्या महिन्याचं घेणार आहेत, तेही मुहूर्तांचं पंचांग बघून.