वाऱ्याने पत्रे का उडतात? : उचल, पर्लिन आणि स्क्रू

16 नोव्हेंबर 2018 रोजी 'गाजा' चक्रीवादळ नागपट्टिनम आणि वेदारण्यम यांच्या दरम्यान किनाऱ्यावर आले आणि तंजावर जिल्ह्यालाही त्याचा तडाखा बसला. याच जिल्ह्यातील पापनाशम येथे धान्याची एक पत्र्याची शेड बांधायची आहे, असे समजा. छताचा उतार 10 अंश, पर्लिनमधील अंतर 1.4 मीटर आणि पर्लिनचा स्पॅन 5 मीटर आहे.

आयएस 875 (भाग 3) नुसार तंजावरसाठी वाऱ्याचा मूलभूत वेग 47 मी/से आहे. किनाऱ्यापासून 60 कि.मी.च्या पट्ट्यात चक्रीवादळाचा गुणांक विचारात घ्यावा लागतो. पापनाशम या पट्ट्याच्या काठावर येते, म्हणून नकाशावर अंतर आधी मोजा. येथे सर्व गुणांक 1 धरू.

वाऱ्याचा दाब = 0.6 × 47² ≈ 1325 N/m², म्हणजे 1.33 kN/m².

वाऱ्याकडील उतारावर बाहेरून 1.2 पट शोषण होते. मोठे दार उघडे राहिले तर आतला वारा पत्र्याला 0.5 पट वर ढकलतो. दोन्ही परिणाम एकाच दिशेचे असल्याने बेरीज 1.7 होते आणि उचल 2.25 kN/m² येते. पत्रा व पर्लिनचे वजन सुमारे 0.1 kN/m² असते, त्यामुळे ते छताला धरून ठेवू शकत नाही. वाऱ्याला 1.5 आणि वजनाला 0.9 ने गुणल्यावर निव्वळ उचल सुमारे 3.3 kN/m² राहते.

पर्लिन : प्रति मीटर भार 4.6 kN आणि बेंडिंग मोमेंट 4.6 × 5² ÷ 8 = 14.4 kNm. 0.75 kN/m² लाइव्ह लोडसह खालच्या दिशेचा मोमेंट मात्र सुमारे 5.6 kNm च येतो. शिवाय उचलीत दाब खालच्या फ्लॅंजवर येतो, आणि तिला पत्र्याचा आधार नसतो. ती बाजूला सरकून पर्लिन पिळते, म्हणून पूर्ण क्षमता गृहीत धरू नका. खालच्या फ्लॅंजला मध्ये आधार द्या किंवा पर्लिन जवळ घ्या.

स्क्रू : स्क्रू 0.3 मीटर अंतरावर असतील, तर प्रत्येकाच्या वाट्याला 0.42 m² क्षेत्र, म्हणजे 1.4 kN ओढ येते. स्क्रू उपटण्याची क्षमता 0.85 × पर्लिनची जाडी × स्क्रूचा व्यास × स्टीलची ताणशक्ती या सूत्राने काढून निम्मी घेतात. 5.5 मिमी स्क्रू आणि 410 N/mm² स्टील धरल्यास 2 मिमी जाडीला 1.9 kN मिळतात, पण 1.2 मिमी जाडीला फक्त 1.15 kN. तोच स्क्रू पातळ पर्लिनमध्ये अपुरा पडतो. कडेला शोषण आणखी वाढते, म्हणून तिथे स्क्रू जवळ लावा. पत्रा स्क्रूच्या डोक्याभोवती फाटणे हे वेगळे अपयश आहे. त्याची तपासणी स्वतंत्रपणे करा.

वादळानंतर पाहणी करताना खुणा वाचा. स्क्रू पर्लिनमध्येच राहून पत्रा गेला असेल, तर पत्रा फाटला. पत्र्यासोबत स्क्रूही गेले असतील, तर पर्लिनची पकड कमी पडली. पर्लिन पिळलेली असेल, तर खालच्या फ्लॅंजला आधार नव्हता.