दिवसाचा आकडा आणि दहा वाजताची रांग

रुग्णालयाच्या लॅबप्रमुखाला नवं मशीन हवं असेल, तर व्यवस्थापनाला पत्र लिहावं लागतं. ‘जुनं मशीन झेपत नाही, रिपोर्टना उशीर होतो, तरी मंजुरी मिळावी’ एवढंच लिहिलं, तर पत्र फायलीत पडून राहतं. कारण समोर बसलेल्या हिशेबनीसाचा प्रश्न साधा असतो: दिवसाला तपासण्या किती, मशीनची क्षमता किती?

समजा, दोनशे खाटांचं रुग्णालय आहे. साखर, क्रिएटिनिन, यकृताच्या तपासण्या करणारं त्यांचं बायोकेमिस्ट्री मशीन कंपनीच्या माहितीपत्रकाप्रमाणे तासाला ४०० तपासण्या करतं. लॅबमध्ये दिवसाला १८०० तपासण्या होतात. भागाकार केला की उत्तर येतं साडेचार तास. मग उरलेला दिवस मशीन रिकामंच, नवं कशाला? हा प्रश्न चुकीचा नाही; त्याला उत्तर देणारा आकडा मात्र पत्रात असावा लागतो.

पहिली गोष्ट, माहितीपत्रकातले ४०० प्रत्यक्षात मिळत नाहीत. कंट्रोल चालवणं, कॅलिब्रेशन, फार जास्त आलेला निकाल सॅम्पल पातळ करून पुन्हा लावणं, यांत वेळ जातो. मशीनच्या नोंदी काढल्यावर गर्दीच्या वेळी तासाला २८० रिपोर्टयोग्य तपासण्या हाती लागतात असं दिसलं, तर पत्रात तोच आकडा द्यायचा.

दुसरी गोष्ट, सॅम्पल दिवसभर सारखी येत नाहीत. वॉर्डातली सकाळची आणि ओपीडीतली उपाशीपोटीची सॅम्पल एकाच सुमारास येऊन पडतात. आपल्या उदाहरणात आठ ते दहा या वेळात १२० नळ्या मशीनवर लावायला तयार होतात. प्रत्येकीच्या आठ तपासण्या धरल्या, तर झाल्या ९६०. दोन तासांत मशीन उरकतं ५६०. म्हणजे दहाच्या ठोक्याला ४०० तपासण्या, साधारण पन्नास नळ्यांचं काम, रांगेत असतं आणि ते संपायला साडेअकरा होत येतात. डॉक्टरांचा राउंड तोवर आटोपलेला असतो. दुपारी लोकल रिकामी धावते म्हणून सकाळची गर्दी कमी होत नाही, तसंच हे. तासाला ५६० तपासण्या खरोखर देणारं मशीन असेल, तर तासाला येणाऱ्या ४८० तपासण्यांची रांगच साचत नाही.

पण उशीर मशीनपाशीच होतो, हेही दाखवावं लागतं. लॅबच्या संगणकात प्रत्येक नळीच्या वेळा असतात: सॅम्पल घेतलं कधी, लॅबमध्ये पोचलं कधी, मशीनवर लागलं कधी, रिपोर्ट पाठवला कधी. महिन्याभराच्या या वेळांचे तुकडे पाडले, की दुखणं कुठे आहे ते कळतं. नळ्या वॉर्डातच तासभर पडून राहत असतील, तर कितीही महाग मशीन आणलं तरी उपयोग नाही. तिथे नेआण करणारा माणूस हवा. रक्त घेण्याची वेळ तासभर अलीकडे आणून गर्दी पांगते का, हेही आधी करून पाहावं आणि त्याचा परिणाम पत्रात लिहावा. शिवाय, साध्या नळीतलं रक्त गोठायला लागणारा अर्धा तास आणि सेंट्रिफ्यूजची दहा मिनिटं नवं मशीन वाचवू शकत नाही. हे लॅबप्रमुखाने स्वतःच सांगितलेलं बरं.

उशीर सांगताना सरासरीवर भिस्त ठेवू नये. दहा रिपोर्टपैकी नऊ पन्नास मिनिटांत गेले आणि एकाला पाच तास लागले, तर सरासरी येते ७५ मिनिटं. तेवढा वेळ प्रत्यक्षात एकालाही लागलेला नसतो. म्हणून ‘दहापैकी नऊ रिपोर्ट किती वेळात जातात’ हा आकडा द्यावा, तोही तातडीची आणि नेहमीची सॅम्पल वेगळी करून. मशीन बंद पडल्याचे तास, तेव्हा बाहेर पाठवलेली सॅम्पल आणि त्यांचा खर्च यांचा तक्ता सोबत जोडावा.

खर्चाच्या भागात मशीनची किंमत ही फक्त सुरुवात असते. रीएजंट, कंट्रोल, देखभाल करार, शुद्ध पाण्याचा प्लांट, यूपीएस, संगणकाशी जोडणी हे सगळं धरून एका तपासणीचा खर्च काढायचा. काही कंपन्या मशीन फुकट बसवतात. त्याची किंमत रीएजंटच्या दरातून वसूल होते आणि ठरावीक खरेदीचं बंधन येतं. दोन्ही पर्याय पाच वर्षांच्या हिशेबाने शेजारीशेजारी मांडावेत. जुनं मशीन बॅकअपला ठेवायचं म्हटलं, तर त्यावरही कंट्रोल चालवावे लागतात आणि दोन्ही मशीनचे निकाल जुळतात का ते तपासत राहावं लागतं. तो खर्चही धरायचा.

शेवटच्या परिच्छेदात मागणीपेक्षा हमी असावी: मशीन बसल्यावर सहा महिन्यांनी सकाळच्या वॉर्ड सॅम्पलचे दहापैकी नऊ रिपोर्ट किती मिनिटांत गेले, ते याच पद्धतीने मोजून कळवू. आजचा आकडा आणि अपेक्षित आकडा दोन्ही लिहून दिलेले असले, की व्यवस्थापनाला पैसे कशासाठी द्यायचे ते कळतं आणि लॅबला नंतर जबाब टाळता येत नाही.