शंकरपाळ्यातून बाण कुठे जातो?

अकोल्याच्या भाचीनं प्रोग्रामिंगच्या पुस्तकातल्या फ्लोचार्टचा फोटो मला अमरावतीला धाडला: १ ते ५ ची बेरीज.

सुरुवातीला `i = 1`, `sum = 0`. खालची शंकरपाळ्याच्या आकाराची चौकट विचारते, `i <= 5`? तिच्यातून दोनच बाण निघतात. ‘हो’ असेल तर `sum` मध्ये `i` मिळवायचा, `i` एकानं वाढवायचा आणि परत त्याच प्रश्नाशी यायचं. हाच लूप. प्रत्येक फेरीचे आकडे कागदावर मांडा: `sum` १, ३, ६, १०, १५ होतो. `i` ६ झाला की ‘नाही’, मग १५ छापायचे.

फोटोत नेमका वर परतणारा बाण पानाच्या घडीत गेलेला; त्यामुळे एकाच फेरीत काम संपल्यासारखं वाटतं. आणि `i` वाढवणारी चौकट सुटली, तर प्रोग्राम थांबतच नाही.